थिसिस सबमिट झाला, आता तीन मिनिटांचं भाषण लिहायचंय. एकच मुद्दा कसा निवडायचा?

निळीशाई

थिसिस सबमिट झालाय, व्हायवा बाकी आहे. दरम्यान तीन मिनिटांत थिसिस सांगायच्या स्पर्धेत नाव दिलंय, मराठीतून बोलायची मुभा आहे, एकच स्लाइड दाखवता येते आणि ऐकणारे सगळ्या शाखांचे असणार. विषय थोडक्यात असा की ज्यांना लघवीसाठी दीर्घकाळ कॅथेटर लावलेला असतो त्यांच्या नळीत एका जिवाणूमुळे क्षारांचे खडे जमतात आणि नळी चोक होते, ते आधी कळावं म्हणून मी रंग बदलणारी एक पट्टी तयार केली. चार मुख्य चॅप्टर आहेत. पहिल्यात त्या जिवाणूच्या वेगवेगळ्या स्ट्रेन्सची युरिएज ॲक्टिव्हिटी, म्हणजे युरिया फोडणारं एन्झाइम किती काम करतं ते, दुसऱ्यात न्यूक्लिएशन पीएच, म्हणजे ज्या पीएचला खडे धरायला लागतात तो (माझा सगळ्यात आवडता भाग), तिसऱ्यात सेन्सर फिल्म म्हणजे ती पट्टी आणि ब्लॅडर मॉडेल, चौथ्यात डाय लीचिंग, म्हणजे पट्टीतला रंग झिरपून जाणं, आणि स्टॅबिलिटी. सुरुवात अशी लिहिलीये:

"नमस्कार. माझ्या संशोधनाचा विषय आहे प्रोटिअस मिराबिलिसच्या युरिएज-जनित क्रिस्टलाइन बायोफिल्ममुळे होणाऱ्या कॅथेटर ऑब्स्ट्रक्शनचं पीएच-संवेदी पॉलिमर फिल्मद्वारे पूर्वनिदान. दीर्घकालीन कॅथेटरायझेशनमध्ये ऑब्स्ट्रक्शन ही एक महत्त्वाची समस्या असून..."

एवढं म्हणेपर्यंतच बराच वेळ जातो आणि चारही चॅप्टर घ्यायचे तर काहीच नीट सांगून होत नाही. काय ठेवू, काय काढू?

मंदार_७

सोपं गणित आहे, मिनिटाला 150 शब्द धर म्हणजे तीन मिनिटांचे 450. चार चॅप्टरना प्रत्येकी शंभर आणि पन्नास सुरुवात-शेवटाला. आणि जार्गनचं म्हणशील तर इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी घाल, बायोफिल्मला जैवपटल, ऑब्स्ट्रक्शनला अवरोध वगैरे, की झालं काम.

वहीचं_पान

माझ्या प्री-सबमिशन सेमिनारला गाइडनी सांगितलं होतं की मेथडॉलॉजीवर कमीत कमी पाच-सहा स्लाइड पाहिजेतच, नाहीतर कमिटी तिथेच धरते. तू मेथडॉलॉजी कापू नकोस हं. सॅम्पल साइज आणि कंट्रोल्स दाखवलेच पाहिजेत. रेफरन्सची स्लाइड शेवटी ठेव.

निळीशाई

@वहीचं_पान, हे सेमिनारचं नाही हो, ही वेगळी स्पर्धा आहे, कमिटी नसते, एकच स्लाइड. पण धन्यवाद, व्हायवाच्या वेळी उपयोगी पडेल.

खडू_फळा

या प्रकारच्या स्पर्धेसाठी मी बऱ्याच मुलांबरोबर स्क्रिप्टवर बसलोय, आणि परीक्षक म्हणूनही बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम. ही कल्पना क्वीन्सलँड विद्यापीठात 2008 मध्ये सुरू झाली आणि जगभर बहुतेक ठिकाणी त्यांचेच नियम थोड्या फरकाने चालतात. एक स्थिर स्लाइड, तिच्यात ॲनिमेशन नाही, आवाज नाही, व्हिडिओ नाही, हातात वस्तू नाही, म्हणजे तुझी पट्टी स्टेजवर नेऊन दाखवता येणार नाही. गाणं, कविता, रॅप चालत नाही. आणि तीन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तरी बाद. तुमच्याकडे काही फरक असेल तर आयोजकांना आत्ताच विचारून घे.

आता मंदारचं गणित. 150 चा वेग इंग्रजीच्या हिशेबात बसतो, मराठीत आपण विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटवतो, "नळीच्या आतल्या बाजूला" हे तीन शब्द आहेत पण बोलायला इंग्रजीतल्या पाच-सहा शब्दांइतका वेळ घेतात. शिवाय त्या गणितात श्वास नाही, थांबणं नाही. माझ्या अनुभवात मराठी स्क्रिप्ट 300 ते 340 शब्दांच्या वर गेली की माणूस धावायला लागतो. शब्द मोजण्यापेक्षा घड्याळ लावून मोठ्याने वाच, मनात वाचू नकोस, मनात आपण फार भराभर वाचतो. घरी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत बसलं पाहिजे, उरलेला वेळ हॉलमध्ये आपोआप खर्च होतो.

आणि चार चॅप्टरना समान वाटा, हे मात्र करूच नकोस. तसं केलंस तर ती थिसिसची अनुक्रमणिका होईल. लोकांना चार गोष्टी थोड्याथोड्या कळतात आणि संध्याकाळी एकही आठवत नाही.

तर आधी एक काम कर. स्क्रिप्ट बाजूला ठेव आणि एक वाक्य लिही. विषय लिहू नकोस, म्हणणं लिही. "कॅथेटरमधल्या अडथळ्याचं पूर्वनिदान" हा विषय झाला, त्याच्याशी कुणी सहमत किंवा असहमत होऊच शकत नाही. म्हणण्यात क्रियापद असतं आणि ते खोटं ठरू शकतं. असं एक वाक्य लिहून इथे टाक.

निळीशाई

हे फार अवघड गेलं. तीन वाक्यं झालीत:

१. हा जिवाणू लघवीचा पीएच वाढवतो म्हणून नळीत खडे जमतात.
२. खडे कोणत्या पीएचला धरायला लागतील हे प्रत्येक माणसाच्या लघवीत वेगळं असतं.
३. नळी चोक व्हायच्या आधी ते रंगावरून कळू शकतं.

माझा कल दुसऱ्याकडे आहे कारण त्यात खरी मेहनत आहे आणि ते लोकांना माहीत नसतं.

खडू_फळा

तिन्ही चांगली आहेत, पण ही तीन वेगळी भाषणं आहेत.

पहिलं तुझ्या आधीच माहीत होतं, ते तू शोधलेलं नाहीस. ते लागणार आहे पण पायरी म्हणून. दुसरं खरंच सुंदर आहे, पण ऐकणाऱ्याला ते पटायला आधी पीएच, मग खडे, मग खडे धरायचा बिंदू, मग माणसागणिक फरक, एवढ्या चार पायऱ्या चढाव्या लागतील आणि वर पोचल्यावर "मग पुढे काय?" हा प्रश्न शिल्लक. तिसऱ्यात ऐकणाऱ्याला चढावंच लागत नाही, नळी बंद पडते हे कुणालाही कळतं आणि आधी कळलं तर बरं हेही.

निवडायची माझी पद्धत अशी की एकेक चॅप्टर मनातल्या मनात फाडून टाकायचा आणि बघायचं, वाक्य उभं राहतं का. तुझ्या तिसऱ्या वाक्यातून डाय लीचिंगचा चॅप्टर काढला तरी वाक्य उभं आहे. न्यूक्लिएशन पीएच काढला तरी उभं आहे. फिल्म आणि ब्लॅडर मॉडेल काढलं की कोसळतं. म्हणजे भाषण तिसऱ्या चॅप्टरचं. बाकीचं व्हायवात आहे, पेपरमध्ये आहे, ते वाया जात नाही.

मेहनत कुठे जास्त झाली हा निकष मात्र इथे लावू नकोस. ऐकणाऱ्याला मेहनत दिसत नाही.

रानवाट

मधेच घुसते, पण माझं दुखणं याच्या उलट आहे. माझा थिसिस इतिहासातला, जुन्या खटल्यांच्या कागदपत्रांमधल्या साक्षीदार बायकांवर. तुमच्याकडे निदान पट्टी आहे, निळी होते. माझ्याकडे "असं दिसतं", "तसंही म्हणता येईल" एवढंच आहे. एक म्हणणं काढायला गेलं की गाइड म्हणतात हे फार ढोबळ झालं. मानव्यशाखेच्या माणसाने या स्पर्धेत जावंच का?

खडू_फळा

@रानवाट, जावं, आणि तुमच्याकडे फार मोठी गोष्ट आहे, माणसं. तुमचं वाक्यही टाका, त्यावर बोलू. ढोबळ आणि चूक यात फरक असतो. तीन मिनिटांत ढोबळ चालतं, चूक चालत नाही.

जुईची_वेल

मी घरी जाऊन रुग्णांची काळजी घेणारी नर्स आहे, संशोधन वगैरे माझं क्षेत्र नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. निळीशाई, तुझ्या पहिल्या परिच्छेदातलं मला निम्मं कळलं आणि तेसुद्धा माझं रोजचं काम हेच आहे म्हणून. तिथे जैवपटल आणि अवरोध घातलं असतंस तर तेवढंही कळलं नसतं.

आमच्याकडे हे कसं कळतं सांगू का? पिशवी भरत नाही. नातेवाईक फोन करतात की सकाळपासून पिशवी रिकामीच आहे, पेशंट अस्वस्थ आहे, पोट फुगलंय, कधी नळीच्या बाजूने गळतंय. आपण पोचतो तोवर त्या माणसाचे हाल झालेले असतात. जुनी नळी काढली की टोकाला आत बाहेर पांढरट करकरीत थर असतो, बोटाला वाळूसारखा लागतो, आणि काढताना तो माणसाला आतून खरवडतो. तू हे भाषणात सांग. ऑब्स्ट्रक्शन म्हणू नकोस, पिशवी रिकामी राहिली म्हण.

निळीशाई

जुईताई, हे मला कुठल्याच पेपरमध्ये असं मिळालं नव्हतं. खूप आभार. तुमचं "पिशवी रिकामी" घेतलंय. आता पूर्ण मसुदा टाकते, फाडा:

"सकाळी पिशवी रिकामी असते. दुपारीही रिकामीच. ज्यांना लघवीसाठी कायमची नळी लावावी लागते अशा माणसाच्या घरी रिकामी पिशवी म्हणजे नळी बंद पडली. लघवी आत तुंबते, मूत्रपिंडाकडे उलटी सरकते, आणि जंतूही तिच्याबरोबर. ही नळी दीर्घकाळ वापरणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांना हे कधी ना कधी भोगावं लागतं. आणि कळतं केव्हा? नळी बंद पडल्यावर.

पण नळी एका दुपारी बंद पडत नाही. ती आतून हळूहळू बंद होत असते. आत एक जंतू चिकटून राहतो. लघवीत युरिया असतो, तो हा जंतू फोडतो आणि त्यातून अमोनिया तयार होतो. अमोनियामुळे लघवीचा आम्लपणा जातो. आम्लपणा गेला की लघवीतले क्षार विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे बारीक खडे होतात, आणि किटलीत जसं पांढरं पुट धरतं तसं पुट नळीला आतून धरतं. थरावर थर चढतो. भोक लहान होत जातं.

म्हणजे आधी आम्लपणा जातो आणि नंतर नळी बंद पडते. या दोन्हींच्या मधे जो वेळ आहे तो मला हवा होता.

मी एक पातळ पट्टी तयार केली. तिच्यात एक रंग आहे, आम्लात तो पिवळा असतो, आम्लपणा गेला की हिरवा आणि मग निळा होतो. ही पट्टी नळी आणि पिशवी यांच्या जोडाजवळ बसते आणि लघवी तिच्यावरून वाहते. मग मी काचेचं मूत्राशय बनवलं, त्यात खरी नळी बसवली, कृत्रिम लघवी सोडली आणि तो जंतू सोडला. पट्टी आधी निळी झाली, नळी नंतर बंद पडली. जिथे जंतू सोडला नव्हता तिथे पट्टी पिवळीच राहिली.

हे सगळं अजून काचेच्या मूत्राशयात झालंय, माणसात नाही. पण ते माणसातही असंच घडलं तर घरी काळजी घेणाऱ्याला पिशवी रिकामी करताना फक्त पट्टीकडे बघायचंय. पिवळी असेल तर ठीक. निळी असेल तर नर्सला फोन करायचा आणि नळी बदलून घ्यायची, ती बंद पडायच्या आधी. अशा प्रकारे हे संशोधन दीर्घकालीन रुग्णांच्या जीवनमानात मोलाची भर घालू शकेल. धन्यवाद."

मंदार_७

हे जबरदस्त झालंय. पण "काचेच्या मूत्राशयात झालंय, माणसात नाही" हे वाक्य काढ की, सगळा जोर जातो तिथे. स्वतःच आपली बाजू कशाला कमी करायची?

खडू_फळा

मंदार, ते वाक्य राहूच दे. परीक्षकांमध्ये एक जरी डॉक्टर असला तरी त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो, आणि उत्तर मिळालं नाही तर तो पुढचं ऐकत नाही, प्रश्न घोळवत बसतो. जोर जातो हे तुझं निरीक्षण मात्र बरोबर आहे, पण त्याचं कारण वाक्याची जागा. मर्यादा सांगून लगेच "पण ते माणसातही असंच घडलं तर" अशी कोलांटी मारली की ऐकणाऱ्याला दोन वाक्यांत दोनदा वळावं लागतं. ती मर्यादा प्रयोग सांगतानाच मधे घाल. "माणसावर प्रयोग करायच्या आधी मी काचेचं मूत्राशय बनवलं." झालं. एका अर्ध्या वाक्यात माणसावर अजून केलेलं नाही हे कळलं, आणि ती कबुली न राहता कामातली पुढची पायरी झाली.

बाकी मसुद्यात मला तीन जागा खटकल्या.

शेवटचं वाक्य. "अशा प्रकारे हे संशोधन" पासून "मोलाची भर" पर्यंत, हे कुठल्याही थिसिसला लावता येईल. तू "नळी बंद पडायच्या आधी" वर पोचलीस तिथे तुझं एक वाक्य पूर्ण झालंय, तिथेच थांब. धन्यवादही नको, टाळ्या आपोआप वाजतात.

दुसरी जागा, युरिया आणि अमोनिया. तू इथे दोन वाक्यांत दोन रसायनं आणलीस आणि पुढे त्यांचं काहीच काम नाही. युरिया म्हटलं की बऱ्याच लोकांना खताची गोणी आठवते आणि ते एक-दोन सेकंद तिकडे जातात. "हा जंतू लघवीचा आम्लपणा घालवतो" एवढं पुरे. पट्टीला कळतं तेही फक्त आम्लपणाचं. ज्या शब्दाचं पुढे काम नाही तो ओळखीचा असला तरी तुझ्यासाठी जार्गनच धर.

तिसऱ्याबद्दल मला खात्री नाही, किटली. ती वाचून बघावी लागेल. एक परीक्षा कर. ज्याला यातलं काही माहीत नाही अशा कुणाला हे एकदाच वाचून दाखव, काही विचारू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी सांग म्हण, मी काल काय सांगितलं. तो जे सांगेल तो तुझा खरा मुद्दा, तू कागदावर काहीही लिहिलेलं असो.

जुईची_वेल

युरियाबद्दल मी असहमत. लोकांना "कसं काय घालवतो?" हा प्रश्न पडतोच, आणि अमोनियाचा वास सगळ्यांना ठाऊक असतो, नळी चोक होणाऱ्या पेशंटच्या लघवीला तो येतो सुद्धा. माझ्या नातेवाईकांना मी असंच समजावते आणि ते पटकन कळतं. मला वाटतं अमोनिया राहू दे, युरिया काढ.

निळीशाई

परीक्षा केली. माझी मैत्रीण वाणिज्य शाखेची आहे, तिला काल वाचून दाखवलं, आज विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं: "पाण्यात क्षार जास्त असले की नळीत किटलीसारखं पुट बसतं, म्हणून पेशंटला फिल्टरचं पाणी द्यायला पाहिजे. आणि तू रंगाचं काहीतरी केलंयस."

मी हादरलेच. जंतू गायब. पाण्याचा दोष. आणि माझं सगळं काम "रंगाचं काहीतरी".

खडू_फळा

ही परीक्षा म्हणूनच करायची. आता कारण बघ. किटलीत पुट धरतं ते जड पाणी तापवल्यामुळे, जंतूमुळे नाही. तुला उपमेतून फक्त "पांढरं, कडक, थरावर थर" एवढंच हवं होतं, पण उपमा आपलं कारणही बरोबर घेऊन आली आणि किटलीचं कारण तिच्या ओळखीचं असल्याने तेच जिंकलं. उपमा तपासताना हेच विचारायचं, मूळ गोष्टीत जे घडवतं तेच उपमेतही घडवतं का? नसेल तर ती कितीही चपखल दिसली तरी काढायची. शिवाय जुईताईंनी तुला उपमेपेक्षा चांगलं दिलंय, करकरीत थर, बोटाला वाळूसारखा लागतो. ते प्रत्यक्ष आहे, तेच वापर.

आणि "रंगाचं काहीतरी" कशामुळे झालं? तुझ्या मसुद्यात आत काय घडतं याला पट्टीइतकीच जागा आहे, आणि ते आधी येतं. ऐकणाऱ्याने सगळी शक्ती तिथे खर्च केली. घड्याळ लावून प्रत्येक परिच्छेद वेगळा मोज. माझ्या अंदाजाने आत काय घडतं हे तीस सेकंदांत आटपलं पाहिजे आणि पट्टी आणि प्रयोग यांना निदान पाऊण ते एक मिनिट मिळालं पाहिजे, कारण तुझं म्हणणं तिथे आहे. प्रयोगात घाई करू नकोस. "पट्टी आधी निळी झाली" म्हणून थांब. मग "नळी नंतर बंद पडली". हा क्रम म्हणजेच तुझा थिसिस.

रानवाट

हे किटलीचं वाचून बरंच काही लक्षात आलं. एक विचारू का, स्क्रिप्ट पाठ करायची का मुद्दे लक्षात ठेवून बोलायचं? आमच्याकडे पाठ केलेलं लगेच ओळखू येतं म्हणतात.

मंदार_७

मुद्दे. पाठ केलं की एक शब्द विसरला तर सगळं विसरतं.

खडू_फळा

यावर माझं मत वेगळं आहे पण चांगलं बोलणारे दोन्ही प्रकारचे बघितलेत. तीन मिनिटांत मुद्द्यांवर बोलणारा माणूस हमखास वीस-तीस सेकंद घसरतो आणि इथे घसरलं की बाद, म्हणून मी शब्दशः पाठ करायला लावतो, पण स्क्रिप्ट बोलण्याच्या भाषेत लिहिलेली असेल तरच. "असून", "सदर", "द्वारे" असलं एकही अक्षर असलं की पाठांतर उघडं पडतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य तरी शब्दशः पाठ हवंच, मधलं ज्याने त्याने ठरवावं.

निळीशाई

स्लाइडबद्दल अजून विचारायचं राहिलं. माझ्याकडे पीएच विरुद्ध वेळ असा सुंदर ग्राफ आहे, त्यात पट्टी निळी झाली तो बिंदू आणि नळी बंद पडली तो बिंदू दोन्ही आहेत. तो ठेवू?

जुईची_वेल

ग्राफ बघून मी तर तो वाचत बसेन, तुझं ऐकणार नाही.

खडू_फळा

जुईताईंनी सांगितलंच. अक्ष, एकक, रेषा, हे वाचायला लोकांना वेळ लागतो आणि तेवढा वेळ तू बोलत असतेस. तुझ्या स्लाइडवर तीन पट्ट्यांचा एकच फोटो पुरे, पिवळी, हिरवी, निळी, आणि निळीच्या शेजारी आतून भरलेल्या नळीचा आडवा छेद. अक्षर एकही नको. मात्र एक बघ, प्रोजेक्टरवर हिरवा आणि निळा पुष्कळदा सारखेच दिसतात, त्या हॉलच्या प्रोजेक्टरवर आधी लावून बघायला मिळालं तर बघ. आणि रंग ओळखायला ज्यांना अडचण येते असे लोकही हॉलमध्ये असतात, म्हणून बोलताना नुसतं "ही बघा" न म्हणता "निळी" हा शब्द उच्चार.

वहीचं_पान

हे रंग ओळखण्याचं पट्टीलाही लागू आहे ना? घरी काळजी घेणाऱ्या माणसालाच हिरवा-निळा फरक कळत नसेल तर? आणि दुसरे जंतूसुद्धा आम्लपणा घालवत असतील ना? मग पट्टी उगाचच निळी होईल. थिसिसमध्ये याचं उत्तर आहे का?

निळीशाई

दुसऱ्याचं आहे, चौथ्या चॅप्टरच्या चर्चेत. युरिएज असलेले दुसरेही जिवाणू असतात आणि काहींमुळे पट्टी निळी होऊ शकते पण नळी चोक होईलच असं नाही. शिवाय माझा आवडता न्यूक्लिएशन पीएच इथेच येतो, दोन माणसांत पट्टी एकाच पीएचला निळी होईल पण खडे धरायला एकाला लवकर आणि एकाला उशिरा सुरुवात होईल. म्हणजे निळी म्हणजे "लक्ष द्या", "आत्ता बंद पडणार" असं नाही. रंग न ओळखणाऱ्यांचं मात्र मी बघितलेलंच नाही, चांगला प्रश्न आहे.

पण मग "निळी असेल तर नळी बदलून घ्यायची" हे माझं वाक्य जास्त झालं का?

खडू_फळा

झालं. "ढोबळ चालतं, चूक चालत नाही" म्हणालो ते इथे. तुझ्या पुराव्यातून "नर्सला फोन करायचा" एवढं निघतं, "नळी बदलायची" निघत नाही, तो निर्णय नर्सचा. "निळी असेल तर नर्सला फोन, नळी बंद पडायच्या आधी." असं कर. लहान झालं आणि खरंही झालं. वहीचं_पान, नेमक्या जागी बोट ठेवलंत.

जुईची_वेल

आणि आम्हाला तसंच बरं. उगाच नळी बदलण्यानेही माणसाला त्रास होतो.

निळीशाई

नवीन मसुद्यातला मधला भाग असा केलाय:

"पण नळी एका दुपारी बंद पडत नाही. आत एक जंतू चिकटलेला असतो. तो अमोनिया तयार करतो आणि लघवीचा आम्लपणा घालवतो. आम्लपणा गेला की लघवीतले क्षार खडे होऊन नळीला चिकटतात. करकरीत थर, बोटाला वाळूसारखा लागतो. म्हणजे आधी आम्लपणा जातो. मग थर चढतो. मग नळी बंद पडते. आम्लपणा गेला हे डोळ्यांना दिसलं तर?"

जुईताईंचं ऐकून अमोनिया ठेवलाय, युरिया काढलाय. पूर्ण वाचायला दोन मिनिटं अडतीस सेकंद. या वेळी भावाला ऐकवलं, तो म्हणाला, "नळी बंद पडायच्या आधी पट्टी निळी होते, मग नर्सला बोलवायचं." जंतूचं नाव विचारलं नाही. नाव सांगायचं का, याबद्दल मी अजून ठरवलेलं नाही, युरॉलॉजिस्ट परीक्षक असेल तर त्याला अर्धवट वाटेल का?

खडू_फळा

त्याला नाव माहीत असतंच, तू अमोनिया आणि खडे म्हटल्याबरोबर त्याने ओळखलेलं असेल. पण नाव घेतल्याने बाकीच्यांचं फार बिघडत नाही, एकदाच उच्चारलंस आणि परत वापरलं नाहीस तर. मी घेतलं नसतं. तुझ्या गाइडना विचार, त्यांचं मत वेगळं असू शकतं.

रानवाट

माझं वाक्य आणलंय. "कोर्टात बायकांनी साक्ष दिली, पण कागदावर ती त्यांच्या शब्दांत उतरली नाही." गाइडना दाखवलं, ते म्हणाले काही खटल्यांत उतरलीये, अपवाद आहेत.

खडू_फळा

छान. खोटं ठरू शकतं असं वाक्य आहे, म्हणून तर गाइडना अपवाद सुचले. "बहुतेक वेळा" घाला, काम होईल. आता मला एकाच खटल्यातली एकच बाई द्या. तिला काय विचारलं गेलं आणि कारकुनाने काय लिहिलं, दोन ओळी पुरेत.

रानवाट

तशी एक आहे. तिला विचारलंय भांडण कधी झालं, आणि कागदावर तिच्या नावाखाली तारीख आणि वेळ आहे, दोन्ही तिच्या नवऱ्याच्या जबानीत जशी आहेत शब्दशः तशीच. रात्री दोन्ही जबान्यांचे फोटो शोधून मजकूर इथे टाकते.